दक्षिणेचं दार

पुण्यात किंवा ठाण्यात घर बघायला गेलं की बैठकीची लांबी-रुंदी नंतर विचारली जाते, दार कुठल्या दिशेला आहे ते आधी. 'साउथ फेसिंग' असं उत्तर आलं की घेणाऱ्याचा चेहरा बदलतो आणि विकणारा भाव उतरवायची तयारी ठेवतो. 'ईस्ट फेसिंग' असेल तर उलट. हा व्यवहार वास्तुशास्त्राच्या नावावर चालतो, पण ज्या ग्रंथांच्या आधारानं तो चालल्याचं सांगितलं जातं, त्यांतला एक प्रमुख ग्रंथ उघडला तर तिथे वेगळीच गोष्ट दिसते.

वराहमिहिर सहाव्या शतकात उज्जैनच्या परिसरात होऊन गेला. त्याच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येवर एक मोठं प्रकरण आहे. त्यात घराच्या दारासाठी चार दिशा नाहीत, बत्तीस जागा आहेत; प्रत्येक बाजूला आठ. प्रत्येक जागेचं फळ त्यानं वेगळं दिलं आहे. पूर्वेच्या आठ जागांपैकी तिसरी धन देणारी आणि चौथी राजाची मर्जी मिळवून देणारी. बाकीच्या सहांत आगीचं भय आहे, क्रोध आहे, खोटेपणा आहे, क्रूरपणा आहे, चोरी आहे. मुली होणं हेसुद्धा त्या काळाच्या समजुतीनुसार वाईटांतच धरलं आहे. म्हणजे पूर्वेच्या भिंतीवर डोळे मिटून बोट ठेवलं तर ते वाईट जागी पडण्याची शक्यता जास्त. आणि दक्षिणेला? तिथली चौथी जागा खाणंपिणं आणि संतती वाढवणारी, म्हणून चांगली. दक्षिणेचं दार सरसकट वाईट, असं वराहमिहिर म्हणत नाही.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यातून या विद्येचा खरा स्वभाव कळतो. ती मोजण्याची विद्या आहे. दिशेचं नाव सांगून ती थांबत नाही, भिंतीवर कुठे, किती फुटांवर, असं विचारते. त्या मोजमापामागे एक नकाशा आहे.

कथा अशी की एका महाकाय प्राण्यानं आकाश आणि पृथ्वी अडवून धरली. देवांनी त्याला पकडून पालथं पाडलं, आणि ज्या देवानं त्याचा जो अवयव दाबून धरला तो त्या जागेचा अधिपती झाला. हाच वास्तुपुरुष. त्याचं डोकं ईशान्येला. जमिनीवर एक चौरस आखायचा, प्रत्येक बाजूचे नऊ भाग करायचे, म्हणजे एक्याऐंशी घरं होतात. या घरांना 'पद' म्हणतात. मधली नऊ पदं ब्रह्माची. त्याच्याभोवती आतले बारा देव आणि सगळ्यात बाहेर कडेच्या पदांवर बत्तीस, असे एकूण पंचेचाळीस. नऊ गुणिले नऊच्या चौरसाच्या कडेला पदं बरोबर बत्तीसच असतात, आणि दारं फक्त कडेलाच असू शकतात. बत्तीस दारांचा हिशोब तिथून येतो.

आता एक घर घेऊ. जमिनीवर बांधलेलं, चौरस, प्रत्येक बाजू ३६ फूट. नवांनी भागलं की एक पद चार फुटांचं. दक्षिणेच्या भिंतीवर दार काढायचं आहे. मोजणी प्रदक्षिणेच्या क्रमानं होते. घराच्या आत उभं राहून त्या भिंतीकडे तोंड केलं तर डावीकडून उजवीकडे. दक्षिणेसाठी म्हणजे आग्नेय कोपऱ्यापासून पश्चिमेकडे. पहिलं पद अनिलाचं, दुसरं पूषाचं, तिसरं वितथाचं, चौथं बृहत्क्षताचं, पाचवं यमाचं. तेव्हा आग्नेय कोपऱ्यापासून बारा फुटांवर चौथं पद सुरू होतं आणि सोळा फुटांवर संपतं. साडेतीन फुटांची चौकट त्यात आरामात बसते. तीच चौकट चार फूट पुढे सरकली की यमाच्या पदात गेली.

बाजूचे भाग नऊ, तेव्हा पाचवं पद भिंतीच्या बरोबर मध्यावर येतं. दक्षिणेला ते यमाचं आहे. पूर्वेला मधलं पद सूर्याचं, आणि त्याचंही फळ क्रोध असं दिलं आहे. घराच्या भिंतीच्या ऐन मध्यावर दार काढणं या दोन्ही बाजूंना वराहमिहिराला पसंत नाही. तोच वराहमिहिर पुढे देवळाच्या प्रकरणात आखणी बदलतो. तिथे बाजूचे आठ भाग करून चौसष्ट पदांचा चौरस घ्यायचा आणि दार मात्र बरोबर मध्यभागी, दिशेला सरळ ठेवायचं. घराचं दार मध्यापासून बाजूला आणि देवळाचं दार मध्यावर! कारण त्यानं लिहिलेलं नाही. मला वाटतं ते असं असावं: घराचं दार मध्यावर असेल तर रस्त्यावरची नजर थेट चौकात आणि आतल्या माजघरात जाते, देवळात मात्र बाहेर उभ्या असलेल्या माणसाची नजर थेट मूर्तीपर्यंत जावी हाच हेतू असतो. हा माझा तर्क, पण जुन्या वाड्यांत दिंडीदरवाज्यातून आत शिरल्यावर वळण घेऊनच चौकात जावं लागतं, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला तो पटेल.

मधल्या नऊ पदांवर, ब्रह्मस्थानावर, भार टाकायचा नाही, तिथे खांब रोवायचा नाही, ही वास्तुशास्त्रातली सर्वमान्य गोष्ट. आपल्या ३६ फुटांच्या घरात ती जागा १२ बाय १२ फुटांची होते. वाड्याचा चौक आणि गोव्याच्या जुन्या हिंदू घरातलं तुळशीवृंदावनाचं राजांगण याच जागेवर असतं. या नियमाचा उपयोग समजायला श्रद्धेची गरज नाही. सगळ्या खोल्या चौकाभोवती असल्यानं प्रत्येकीला दोन बाजूंनी हवा मिळते. चौकातली तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला खोल्यांतून हवा सरकते. पावसाचं पाणी एका जागी गोळा होतं. घरातल्या बायकांना उन्हात बसायला, वाळवणं घालायला घरातच आकाश मिळतं. फ्लॅटमध्ये याच ब्रह्मस्थानावर बहुधा डायनिंग टेबल किंवा पॅसेज येतो, डोक्यावर दुसऱ्याचं घर असतं, आणि नियम पाळला तरी त्याचं फळ देणारं उघडं आकाश उरत नाही.

इथपर्यंतचं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: कुठली भिंत दक्षिणेची ते ठाऊक आहे. आज नेमकी तिथेच सगळ्यात मोठी चूक होते.

फोनमधलं होकायंत्र पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतं. ते क्षेत्र फार दुबळं असतं आणि आपली घरं लोखंडानं भरलेली असतात. कॉलमच्या सळ्या, लिफ्ट, ग्रिल, फ्रिज, दाराशी उभी असलेली मोटार, इतकंच काय फोनच्या कव्हरमधलं चुंबक, यांतलं काहीही जवळ असेल तर काटा दहा-वीस अंशांनी सहज भरकटतो. हे पडताळायला काही लागत नाही. एकाच खोलीत भिंतीलगत, खोलीच्या मध्यावर आणि बाल्कनीत फोन एकाच रोखानं धरून तीन आकडे लिहून घ्यावेत. ते जुळले नाहीत तर त्यांतला कुठलाच धरू नये. दुसरी अडचण परदेशात येते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत महाराष्ट्रात एक अंशाहून कमी फरक आहे, म्हणून इथे तो विसरला तरी चालतं. न्यू जर्सीत मात्र तो बारा अंशांच्या आसपास आहे. तिथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबानं साध्या होकायंत्रावरून भारतातल्या सल्लागाराला नकाशा पाठवला, तर सगळा हिशोब सुरुवातीलाच तिरका होतो. हल्ली बरेच सल्लागार भिंतीवर पदं मोजत नाहीत. घराच्या मध्यबिंदूपासून वर्तुळाचे बत्तीस भाग करतात. असा प्रत्येक भाग सव्वाअकरा अंशांचा. बारा अंश चुकले की दार आख्ख्या एका जागेनं सरकलं, चांगल्याचं वाईट झालं किंवा वाईटाचं चांगलं, आणि भिंत जागची हललेलीसुद्धा नाही.

होकायंत्र यायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे दिशा काढण्याची रीत सावलीची होती. यज्ञवेदी आखण्यासाठी कात्यायनाच्या शुल्बसूत्रात ती दिली आहे, आणि वास्तुग्रंथांनी तीच उचलली. गच्चीवर ती आजही करता येते. दोन फूट उंचीची सरळ काठी, म्हणजे शंकू, ओळंबा लावून अगदी उभी रोवायची. तिच्या पायाशी दोरी धरून दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. सकाळी सावली लांब असते, तिचं टोक वर्तुळाच्या बाहेर पश्चिमेला पडतं. ऊन चढेल तशी ती आखडते आणि एका क्षणी टोक वर्तुळाच्या रेषेवर येतं. तिथे खूण करायची. पुण्यात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ही वेळ सकाळी दहाच्या सुमाराला येते. मग सावली वर्तुळात शिरते, माध्यान्हीनंतर पुन्हा वाढू लागते आणि साडेतीनच्या सुमाराला पूर्वेच्या बाजूनं रेषेबाहेर पडते. तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेषा हीच पूर्व-पश्चिम. आता दोन्ही खुणांवरून सारख्याच लांबीच्या दोरीनं कमानी काढल्या की त्या एकमेकींना छेदून माशाचा आकार होतो. ग्रंथांत त्याला मत्स्यच म्हटलं आहे. माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंतची रेषा ही उत्तर-दक्षिण.

यात चुका कुठे होतात हेही सांगायला हवं. गच्ची सपाट दिसते पण नसते. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गवंड्यानं मुद्दाम ढाळ दिलेला असतो. म्हणून एखादी मोठी फळी पाणसळ लावून समतल करून तिच्यावर हे करावं. सावलीची कडाही धारदार नसते, कारण सूर्य हा बिंदू नाही, तबकडी आहे. दोन फुटांच्या काठीची सावली टोकाशी सेंटिमीटरभर तरी धूसर असते. धूसर भागाचा मध्य सकाळी धरला तर दुपारीही मध्यच धरावा. आणि शेवटची गोष्ट: सकाळपासून दुपारपर्यंत सूर्य स्वतःच उत्तरेला किंवा दक्षिणेला किंचित सरकलेला असतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये हे सरकणं सगळ्यात जास्त, २१ जून आणि २२ डिसेंबरच्या आसपास जवळजवळ शून्य. दक्षिणेकडच्या मयमत आणि मानसार या ग्रंथांनी त्यासाठी महिन्यागणिक किती अंगुळं वजाबाकी करायची तेही दिलं आहे. इतकी काळजी घेणाऱ्या माणसांच्या नावावर आपण फोन हातात धरून 'हं, नैर्ऋत्य' म्हणतो, याचं मला वाईट वाटतं.

आपलं काम बरोबर झालं की नाही ते ओळखायची सोपी खूण आहे. त्याच काठीभोवती दोन वर्तुळं काढावीत, एक लहान आणि एक मोठं. दोन्हींवर मिळालेल्या पूर्व-पश्चिम रेषा एकमेकींना समांतर यायला हव्यात. तशा आल्या नाहीत तर काठी कललेली आहे किंवा फळी. डिसेंबरात पुण्याला माध्यान्हीची सावलीच काठीच्या नऊ-दशांश लांबीची असते. दोन फुटांच्या वर्तुळावरच्या खुणा फार जवळजवळ येतात आणि लहान चूकही मोठी दिसते. तेव्हा वर्तुळ मोठं घ्यावं.

सूर्य आणि दगड यांचं नातं महाराष्ट्रात जिथे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे घडतं ते ठिकाण म्हणजे कोल्हापूरचं अंबाबाईचं देऊळ. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याची किरणं महाद्वाराच्या बाजूनं आत शिरतात, लांब मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात. परंपरेनं सांगतात की पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. हा किरणोत्सव. तारखांकडे नीट बघावं. ९ नोव्हेंबर हा २१ डिसेंबरच्या बेचाळीस दिवस आधी येतो, ३१ जानेवारी एक्केचाळीस दिवस नंतर. दक्षिणायन संपताना सूर्य ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं परततो, म्हणून वर्षातून दोनदा तो त्याच जागी मावळतो. एका रेषेवर वर्षातून दोनदा प्रकाश येणं हे अगदी तर्काला धरून आहे.

या देवळाला आपण पश्चिमाभिमुख म्हणतो. सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळतो तो वर्षातून दोनच वेळा, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी. कोल्हापूरच्या अक्षांशावर ९ नोव्हेंबरला तो खऱ्या पश्चिमेपासून दक्षिणेकडे साधारण अठरा अंशांवर मावळतो. तेव्हा किरणांची वाट शंकूनं काढलेल्या पश्चिमरेषेवर नाही, तिच्यापासून अठरा अंश कललेली आहे. बत्तीस भागांच्या वर्तुळात हा कल दीड भागाहून जास्त झाला. 'फेसिंग'चा आग्रह धरणाऱ्या कुणी कोल्हापुरात उभं राहून ही गोष्ट एकदा मनात घोळवावी. देवळाचं मोल एखाद्या गोल दिशेत बसण्यावर अवलंबून नाही.

किरणोत्सव आणखी एक गोष्ट शिकवतो. काही वर्षं किरणं मूर्तीपर्यंत पोचत नाहीत, मध्येच विरतात. कधी क्षितिजावर ढग असतात, कधी हवेत धूळ आणि बाष्प. पण वाटेतल्या इमारती आणि त्यांच्यावरचे अडथळे यांचीही चर्चा कोल्हापुरात वर्षानुवर्षं चालू आहे. मावळता सूर्य क्षितिजापासून जेमतेम वर असतो, तेव्हा शेकडो फूट दूरचा एखादा मजला किंवा फलकही तो झाकू शकतो. देवळाच्या भिंतीत काहीही न बदलता देवळातली सगळ्यात मोठी घटना हरवू शकते. जागा काय करते हे नुसत्या तिच्या नकाशावरून ठरत नाही.

देवळाच्या आतली मापंही बघण्यासारखी आहेत. वराहमिहिराचे नियम थोडके आहेत. देवळाची उंची रुंदीच्या दुप्पट. गाभारा आतून एकूण रुंदीच्या निम्मा. गाभाऱ्याचं दार गाभाऱ्याच्या पावपट रुंद आणि रुंदीच्या दुप्पट उंच. पीठासकट मूर्ती दाराच्या उंचीहून एक-अष्टमांशानं कमी, त्यात दोन भाग मूर्ती आणि एक भाग पीठ. चोवीस फूट रुंदीचं देऊळ घेतलं तर गाभारा आत बारा फूट, दार तीन फूट रुंद आणि सहा फूट उंच, पीठ आणि मूर्ती मिळून सव्वापाच फूट. त्यात पीठ पावणेदोन फूट आणि मूर्ती साडेतीन. साडेपाच फुटांचा माणूस उंबऱ्याशी उभा राहिला की देवाचं मस्तक जवळजवळ त्याच्या नजरेच्या पातळीला येतं, आणि मस्तकाच्या वर चौकटीपर्यंत नऊ इंच अंधार राहतो. एका मापावरून बाकीची सगळी मापं निघतात, म्हणून कारागिरांच्या हाती एक काठी आली की पुरे.

याच आकड्यांतून भिंतीची जाडी निघते. चोवीसातून बारा गेले, दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट दगड. दिवसरात्रीच्या तापमानाचा चढउतार दगडात जेमतेम हात-दीड हात आत पोचतो. तेव्हा चैत्रातल्या दुपारी तापलेल्या फरशीवरून आत आलेल्या माणसाला जो गारवा लागतो, त्याचं कारण त्या जाडीत आहे. आणि आवाजाचं कारण चौरसात आहे. समोरासमोरच्या दोन कठीण भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर घुमतात. बारा फुटांच्या अंतरात ते सेकंदाला साधारण सत्तेचाळीस कंपनांचे आणि त्याच्या दुपटी-तिपटीचे, म्हणजे चौऱ्याण्णव आणि एकशेएक्केचाळीस कंपनांच्या जवळचे असतात. पुरुषाचा खर्जातला आवाज शंभर ते दीडशेच्या आसपास असतो, म्हणजे याच पट्ट्यात. खोली लांबट असती तर लांबीचे स्वर वेगळे आणि रुंदीचे वेगळे झाले असते. चौरसात दोन्ही एकच येतात आणि एकमेकांना बळ देतात. गाभाऱ्यात ओंकार म्हणणाऱ्याला तो छातीत जाणवतो, तेव्हा त्याला भास होत नसतो. ध्वनीची खरीखुरी ऊर्जा त्या जागेनं गोळा करून परत दिलेली असते.

'जागेमुळे ऊर्जा बदलते' या वाक्यात मला खरं वाटतं ते एवढं: उजेड, उष्णता, वारा आणि ध्वनी. यांतलं प्रत्येक मोजता येतं आणि माणसाच्या मनावर त्याचा परिणाम होतो हे नाकारायचं कारण नाही. सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं म्हणून ईशान्येला देवघर आणि मोकळी जागा सुखाची वाटते. दुपारी तापणारी बाजू पश्चिम आणि नैर्ऋत्य, तिथे जाड भिंत आणि कोठीची खोली असली तर आतल्या खोल्या थंड राहतात. पठारावर हे पटतं. पण हाच नियम घेऊन कोकणच्या किनाऱ्यावर गेलं तर गाडी अडते. तिथे समुद्र पश्चिमेला, दुपारचं वारं तिकडूनच येतं. नैर्ऋत्येची खिडकी बंद ठेवण्याचा सल्ला मानला तर घर उबून निघतं. सगळ्या भूभागांना एकच नकाशा लागू पडत नाही, हे कोकणातल्या जुन्या घरांकडे बघून कळतं. पश्चिमेचं वारं घेण्यासाठी त्यांनी पडव्या ठेवल्या.

याच्या पलीकडे, दाराचं पद बदललं की नोकरी टिकते किंवा आजार हटतो, असा दावा तपासून सिद्ध झालेला नाही. वराहमिहिरानंही त्याच प्रकरणात राजाच्या सर्वांत मोठ्या घराची रुंदी १०८ हात आणि इतरांच्या घरांची मापं वर्णाप्रमाणे उतरती ठेवली आहेत. समाजाची जी उतरंड त्याला नैसर्गिक वाटत होती ती त्यानं घरांत बांधली. ती आज कुणी पाळत नाही आणि पाळूही नये. ग्रंथातलं काय घ्यायचं हे आपण आजही निवडतोच. निवडताना डोळे उघडे असावेत.

काही सल्लागार हातात दोन सळ्या किंवा 'स्कॅनर' धरून घरभर फिरतात आणि त्या वळतील तिथे नकारात्मक ऊर्जा आहे असं सांगतात. मनगटाच्या अगदी बारीक, स्वतःलाही न कळणाऱ्या हालचालीनं अशा सळ्या वळतात. प्रामाणिक माणसाच्याही वळतात. तपासायचं असेल तर त्यांना एकदा घरभर फिरू द्यावं, खुणा कुणीतरी वहीत टिपून ठेवाव्यात, मग डोळ्यांवर पट्टी बांधून वेगळ्या दारानं, वेगळ्या क्रमानं पुन्हा फिरवावं. जागा जुळल्या नाहीत तर पैसे वाचले. तांब्याच्या पट्ट्या, पिरॅमिड, रंगीत टेप हे उपाय बृहत्संहितेच्या त्या प्रकरणात कुठेही नाहीत.

फ्लॅटचा प्रश्न तरीही उरतो. ग्रंथानं कल्पिलेलं घर चार बाजूंनी मोकळं आणि चौरस आहे. फ्लॅटचं दार बहुधा अंधाऱ्या पॅसेजमध्ये उघडतं, दोन-तीन भिंती शेजाऱ्याशी सामाईक असतात, एखादा कोपरा लिफ्टनं खाल्लेला असतो. चौरस कशाचा आखायचा, संपूर्ण इमारतीचा, की मजल्याचा, की तुमच्या सातशे फुटांचा? बाल्कनी धरायची की सोडायची? बाल्कनी धरली की मध्यबिंदू दोन-तीन फूट सरकतो, आणि लहान घरात एक पदच तीन फुटांचं असतं. त्यामुळे दोन जाणकार सल्लागार एकाच फ्लॅटला दोन वेगळे निकाल देऊ शकतात आणि दोघंही आपापल्या रीतीनं बरोबर असतात. इमारत रस्त्याला धरून पंचेचाळीस अंशांत तिरकी असेल तर तिची भिंत पूर्वेची म्हणायची की दक्षिणेची, हे फोनच्या दोन-चार अंशांच्या चुकीवर ठरतं.

अशा अनिश्चित निकालावर भिंत फोडायला निघणाऱ्यांची मला खरी काळजी वाटते. जुन्या इमारतीत कॉलम-बीमची चौकट असते आणि मधली भिंत विटांची. तिथे दार दोन फूट सरकवणं अवघड असलं तरी शक्य असतं. मुंबई-पुण्यातले बरेच नवे टॉवर ॲल्युमिनियमचे साचे लावून ओतलेले आहेत. त्यांत भिंती विटांच्या नसतात, सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि त्याच वरच्या मजल्यांचा भार आणि भूकंपाचा धक्का पेलतात. अशी भिंत कापणं म्हणजे इमारतीचा खांब कापण्यासारखं आहे. भिंतीवर हातोडीनं ठोकून बघितलं तर विटांची भिंत पोकळ बोलते आणि काँक्रीटची टणक, पण नुसत्या कानावर विसंबू नये. सोसायटीकडून मूळ नकाशे मागवून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी होकार घेतल्याशिवाय छिन्नी लावू नये. संडास 'चुकीच्या' कोपऱ्यातून हलवताना तर खालच्या घराच्या छतावरून नवे पाइप जातात, उतार पुरेसा मिळत नाही, वॉटरप्रूफिंग फुटतं, आणि पहिल्या पावसाळ्याच्या आत खालच्या शेजाऱ्याच्या देवघराच्या भिंतीवर ओल उमटते.